पुलाखालून वाघ गेला, मग रस्त्याने नेले काय? पेंचमधल्या महामार्गाचे प्रकरण

नागपूरहून जबलपूरकडे निघालात की मनसर सोडल्यावर सागाचे जंगल सुरू होते आणि देवलापार, खवासा करत महामार्ग मध्य प्रदेशात शिरतो. याच पट्ट्यात काही ठिकाणी रस्ता जमीन सोडून खांबांवर चढतो. गाडीतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. वन विभागाची परवानगी काढून, वनरक्षकाला सोबत घेऊन मी एका हिवाळ्यात एमएस्सीच्या मुलांना अशाच एका पुलाखाली नेले होते. वर ट्रक गेला की काँक्रीटच्या सांध्यावर दोनदा धडधड होई, आणि मग खाली इतकी शांतता की पायाखालचे सागाचे पान वाजलेले ऐकू येई. ऊन पोहोचत नसल्याने खाली गवत नव्हते, नुसती भुसभुशीत माती. तिच्यावर चितळांच्या खुरांची दाटी, रानडुकरांनी उकरलेले दोन पट्टे, आणि या सगळ्यांवरून सरळ रेषेत गेलेली एका नर वाघाची पावले. पुढच्या पंजाचा ठसा जवळजवळ चौकोनी होता आणि कडा अजून ढासळल्या नव्हत्या. वनरक्षक म्हणाले, "रात्रीचाच आहे."

एका विद्यार्थिनीने तिथेच विचारले, "सर, वाघ आरपार गेला. म्हणजे तुकडीकरणाचा प्रश्न इथे सुटला ना?"

संवर्धन जीवशास्त्राच्या पेपरात जंगलाचे तुकडे होणे म्हणजे तुकडीकरण, कडेवरचे बदल जंगलात आत शिरणे म्हणजे कडा परिणाम आणि तुकडे जोडणारी वाट म्हणजे कॉरिडॉर, यांवर जो मोठा प्रश्न येतो, तो नीट सोडवायचा तर आधी तिच्या या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. बहुतेक उत्तरपत्रिकांत तीन व्याख्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि शेवटी 'म्हणून कॉरिडॉर आवश्यक आहेत' असे वाक्य येते. तुकडीकरणात नेमके काय गमावले आणि उपायाने त्यातले नेमके काय परत मिळाले, हा हिशेब त्यात कुठेच नसतो. पेंचचे प्रकरण हा हिशेब मांडायला फार चांगले आहे, कारण इथे नुकसानही दिसते, उपायही दिसतो आणि उपायाची मोजणीही झालेली आहे.

जागा

पेंच व्याघ्र प्रकल्प दोन राज्यांत आहे. मध्य प्रदेशातला भाग सिवनी आणि छिंदवाडा जिल्ह्यांत, महाराष्ट्रातला नागपूर जिल्ह्यात. इथून ईशान्येला कान्हा आणि आग्नेयेला आपले नवेगाव-नागझिरा. या तिघांच्या मधली जमीन म्हणजे अखंड अभयारण्य नव्हे. राखीव जंगल, वनविकास महामंडळाच्या सागाच्या लागवडी, मोहाची झाडे असलेली शेते, गावे, तलाव असा तो सगळा मिळून पट्टा आहे. वाघ, रानकुत्री, अस्वले आणि गवे याच पट्ट्यातून ये-जा करतात. जुना राष्ट्रीय महामार्ग ७, म्हणजे आताचा ४४, उत्तर-दक्षिण जाताना या पट्ट्याला आडवा पडतो. पश्चिमेला पेंच, पूर्वेला कान्हा आणि नागझिऱ्याकडे जाणारी वाट, मध्ये डांबर.

हा रस्ता तिथे फार जुना आहे, हे उत्तरात लिहायला विसरू नये. दुपदरी होता तेव्हाही तो जंगल कापतच होता. प्रश्न तीव्र झाला तो चौपदरीकरणाच्या वेळी. तुकडीकरण आहे की नाही, असा तो प्रश्न नव्हता. जनावरांना ओलांडता येईल अशी भेग आता भिंत होणार का, हा प्रश्न होता.

रस्त्याने जमीन किती घेतली?

रस्ते बांधणाऱ्यांची बाजू नेहमी क्षेत्रफळाची असते: एवढ्या मोठ्या जंगलातली चिमूटभर जमीन जाते आहे. हे विधान खोटे नाही, फक्त त्यात चुकीची गोष्ट मोजली आहे. कशी, ते एका सोप्या आकृतीत दिसते. पेपरातही ही आकृती काढावी, दोन मिनिटांत होते.

दहा किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद असे चौकोनी जंगल घ्या. क्षेत्र १०० चौरस किलोमीटर. कडेचा परिणाम आत ५०० मीटरपर्यंत जातो असे धरू. मग चारही बाजूंनी अर्धा किलोमीटर वजा करून आतला गाभा ९ गुणिले ९, म्हणजे ८१ चौरस किलोमीटर उरतो. आता मधोमध ६० मीटर रुंदीचा रस्ता काढा. त्याने प्रत्यक्ष खाल्लेली जमीन ०.६ चौरस किलोमीटर, एक टक्काही नाही. पण आता जंगलाचे दोन तुकडे झाले, प्रत्येक ४.९७ गुणिले १० चा, आणि प्रत्येकाला स्वतःच्या चार कडा आल्या. प्रत्येकाचा गाभा ३.९७ गुणिले ९, दोन्ही मिळून साधारण ७१.५ चौरस किलोमीटर. म्हणजे ०.६ चौरस किलोमीटर जमीन देऊन आपण साडेनऊ चौरस किलोमीटर गाभा घालवला, जवळजवळ १२ टक्के. घेतलेल्या जमिनीच्या सोळापट.

अधिवास नष्ट होणे आणि अधिवासाचे तुकडे होणे यांतला फरक या हिशेबात आपोआप येतो. पहिल्यात क्षेत्र घटते. दुसऱ्यात क्षेत्र जवळपास तेवढेच राहूनही त्याची मांडणी बदलते: तुकडे वाढतात, कडा वाढते, गाभा घटतो, तुकड्यांतले अंतर वाढते. प्रत्यक्षात दोन्ही सोबतच होतात, म्हणून मुले ते एकच समजतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ लेनोर फाहरिग यांनी २००३ मध्ये हे दोन परिणाम वेगळे मोजायला हवेत असा आग्रह धरला आणि नुसत्या तुकडीकरणाचा परिणाम क्षेत्र घटण्याच्या परिणामापेक्षा बराच कमी असतो, कधी कधी अनुकूलही असतो, असे दाखवले. परीक्षक जाणकार असेल तर या एका उल्लेखाने उत्तराचे वजन वाढते. मात्र महामार्गाचे तुकडीकरण साध्या तुकडीकरणासारखे नसते. दोन तुकड्यांच्या मध्ये शेत असणे वेगळे आणि ताशी शंभर किलोमीटरने धावणारा ट्रक असणे वेगळे.

कडा म्हणजे किती खोल?

वरच्या हिशेबात मी ५०० मीटर हा आकडा धरला, आणि खरी मेख तिथेच आहे. कडेच्या परिणामाला एकच खोली नसते.

महामार्गाच्या कडेने जंगलात चालत जा. पहिल्या काही पावलांत तरोटा आणि गाजरगवत असते, मग रायमुनियाची जाळी, जिला लँटाना किंवा घाणेरी म्हणतात. कडेने ऊन थेट जमिनीपर्यंत येते, माती तापते, कोरडी होते, आणि उजेड आवडणाऱ्या या तणांना मोकळे रान मिळते. जसजसे आत जाल तसे छत्र मिटते आणि ही जाळी विरळ होत जाते. पेंचचे जंगल पानगळीचे आहे. उन्हाळ्यात साग पूर्ण निष्पर्ण असतो आणि आतल्या जमिनीवरही ऊन पडतेच. त्यामुळे सदाहरित वनात कडेच्या आणि आतल्या हवेत जो मोठा फरक असतो, तो इथे एप्रिल-मेमध्ये पुसट होतो. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १९७९ पासून चालू असलेल्या तुकड्यांच्या प्रयोगात कडेवरची मोठी झाडे वाऱ्याने आणि कोरडेपणाने मरताना दिसली. पाठ्यपुस्तकांतले कडेचे वर्णन बरेचसे तिथून आलेले आहे. ते जसेच्या तसे पेंचला लावू नये. इथे कडेचे मुख्य काम ऊन-वाऱ्यापेक्षा माणूस करतो.

उदाहरणार्थ आग. उन्हाळ्यात रस्त्याकडेला पडलेली विडी किंवा मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावलेला जाळ वाळलेल्या पाचोळ्यातून कितीतरी आत जातो. तिथे ५०० मीटर हा आकडा काहीच नाही. आवाजाचेही तसेच, तो झाडांतून काहीशे मीटर जातो आणि रात्री अधिक दूर जातो. घुबडासारखा कानाने शिकार करणारा पक्षी किंवा हाक देऊन जोडीदार शोधणारा बेडूक, यांच्यासाठी झाडे शाबूत असूनही ती जागा पडीक झालेली असते. ढाब्यांवरची कुत्री कडेने आत शिरतात, चितळांच्या पाडसांमागे लागतात आणि सोबत डिस्टेंपरसारखे रोग नेतात. वानरांना गाडीतून खायला टाकणारे लोक त्यांना रस्त्यावर बसायची सवय लावतात. रातवा पक्षी रात्री उबदार डांबरावर येऊन बसतो आणि दिव्यांच्या झोतात तिथेच चिरडला जातो.

आता तोच चौकोन वेगळ्या खोलीने मोजून पाहा. परिणाम १०० मीटरच आत जातो असे धरले तर रस्त्यामुळे गाभा पावणेतीन टक्क्यांच्या आतच घटतो. एक किलोमीटर धरला तर जवळपास २६ टक्के. रस्ता तोच, जंगल तेच, पण तणांसाठी नुकसान किरकोळ आणि आवाजाला बिचकणाऱ्या किंवा माणसाला टाळणाऱ्या प्राण्यासाठी पाव गाभा गेला. म्हणून 'कडा परिणाम इतके मीटर' असे लिहिण्याआधी 'कोणासाठी आणि कशाचा' हे लिहावे लागते. कडा सगळ्यांना वाईट असते असेही नाही. चितळ कडेवरच्या गवतावर खूश असतो, रानडुक्कर आणि रोही शेताच्या बांधाला लागून राहतात. कडेवर प्राण्यांची संख्या वाढलेली दिसते ती यांच्यामुळे, आणि तेवढ्यावरून जंगल सुधारले असा निष्कर्ष काढणे हा परीक्षेतही आणि अहवालातही नेहमी आढळणारा घोटाळा आहे.

भेगेची भिंत कशी होते

तिसरे नुकसान हालचालीचे. रस्त्यावर मेलेली जनावरे मोजून अडथळा मोजता येत नाही, उलट ती मोजणी फसवते. वाहने तुरळक असतात तेव्हा प्राणी बिनधोक ओलांडतात. वाहने वाढली की ओलांडण्याचा प्रयत्न करणारे मरू लागतात. त्याहून वाढली की प्राणी प्रयत्नच सोडतात, आणि मग मृत्यू कमी होतात. आकडे खाली आले म्हणून रस्ता सुरक्षित झाला असे वाटते, प्रत्यक्षात तो पूर्ण बंद झालेला असतो.

दिवसाला १०,००० वाहने धरा. ती सारख्या अंतराने धावली तर साडेआठ सेकंदांना एक. दबकत चालणाऱ्या चितळाला ६० मीटरचा पट्टा, दुभाजक धरून, ओलांडायला ४० सेकंद लागले, तर तेवढ्यात चार-पाच वाहने जातात. कळपातल्या पहिल्या माद्या पुढे गेल्या तरी मागची पाडसे उरतात. रात्री वाहने कमी असतात हे खरे, पण मालवाहू ट्रकचा या मार्गावरचा ओघ रात्रीही तुटत नाही, आणि वाघ, अस्वल, सांबर यांची चालण्याची वेळ नेमकी तीच.

उपाय आणि त्याची मापे

चौपदरीकरणाला हरकती आल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली केंद्रीय अधिकार समिती, मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आणि राष्ट्रीय हरित लवाद यांच्यापुढे बरीच वर्षे फिरत राहिले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने कुठे, किती लांबीचे मार्ग लागतील याचा अभ्यास करून शिफारशी दिल्या. शेवटी महाराष्ट्रातल्या भागात नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला: प्राण्यांसाठी खास बांधलेले पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल, जे नाल्यांवर असून प्राण्यांनाही खालून जाता येईल असे बांधले. त्यांची लांबी, म्हणजे प्राण्याच्या नजरेने रुंदी, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. पुढे मध्य प्रदेशातल्या मोहगाव ते खवासा या सुमारे २९ किलोमीटरच्या टप्प्यात असे १४ मार्ग झाले आणि तिथे पुलाच्या कठड्यांवर चार मीटर उंचीचे आवाज व प्रकाश अडवणारे पत्रेही लावले गेले.

७५० मीटर कशाला, पन्नास पुरले नसते का? याचे उत्तर मोकळेपणाच्या गुणोत्तरात आहे. मार्गाची रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला खालून चालावे लागणारे अंतर. उदाहरणापुरती उंची ५ मीटर आणि खालचे अंतर ३० मीटर धरले, तर ५० मीटरच्या मार्गाचे गुणोत्तर ८ च्या थोडे वर येते आणि ७५० मीटरच्या मार्गाचे १२५. नेहमीच्या दोन मीटरच्या चौकोनी मोरीचे ०.१३. मोरी म्हणजे बोगदा. साळिंदर किंवा उदमांजर तिच्यातून जाईल, पण सांबर तोंडाशी उभे राहून परत फिरेल, कारण पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही. कळपाने राहणाऱ्या सावजाला पळायला जागा दिसावी लागते. शिवाय मोठ्या लांबीच्या पुलाखाली प्राण्याला आपली रोजची वाट सोडून मार्ग शोधत यावे लागत नाही, त्याची वाटच पुलाखाली येते. मार्ग चुकीच्या जागी असेल तर तो कितीही चांगला बांधला तरी ओस पडतो. नाल्यांवरचे पूल चांगले चालतात ते यामुळेच. प्राणी पूर्वीपासून नाल्याच्या काठानेच चालत आलेले असतात.

मोजणीने काय दाखवले

भारतीय वन्यजीव संस्थेने महाराष्ट्रातल्या या नऊ मार्गांखाली मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात कॅमेरा ट्रॅप लावले. १८ जातींच्या वन्यप्राण्यांच्या ५,४५० नोंदी मिळाल्या. सर्वाधिक नोंदींत चितळ आणि रानडुक्कर. वाघाच्या नोंदी ८९, आणि पट्ट्यांवरून ओळख पटवल्यावर ते ११ वेगवेगळे वाघ निघाले.

भारतासाठी ही मोठी गोष्ट होती, हे मनापासून मान्य केले पाहिजे. वाघ काँक्रीटखालून जाणार नाही असे ठामपणे सांगणारे लोक मी स्वतः ऐकले आहेत. पण विद्यार्थ्याने या आकड्यांना तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न तुलनेचा. ५,४५० हा आकडा जास्त की कमी? रस्ता रुंद होण्याआधी त्याच ठिकाणांहून किती प्राणी जात होते, किंवा आज ५०० मीटर आत जंगलातल्या पायवाटेवर तेवढ्याच दिवसांत किती जातात, याच्या शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. चांगल्या अभ्यासात आधी आणि नंतर अशी, तसेच रस्त्याजवळ आणि रस्त्यापासून दूर अशी, दुहेरी तुलना आखलेली असते. आधीची मोजणी राहून गेली की ती नंतर कधीच करता येत नाही, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा राहूनच जाते.

दुसरा प्रश्न कोण आले नाही याचा. यादीत चितळ आणि डुक्कर वर असणे अपेक्षितच आहे, कारण ते कडेला सरावलेले आहेत. जे कडेलाच फिरकत नाहीत ते पुलापर्यंत पोहोचतच नाहीत. कॅमेऱ्यात न दिसणारी जात पुलाला घाबरली की पुलाआधीच्या अर्ध्या किलोमीटरला, हे कॅमेरा सांगत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्या विद्यार्थिनीला मी तिथे उभ्या उभ्या हेच सांगितले. ११ वाघांच्या ८९ नोंदी म्हणजे सरासरी आठ. दहा महिन्यांत पुन्हा पुन्हा येणारा वाघ बहुधा तिथलाच रहिवासी असतो, त्याच्या हद्दीच्या मधून रस्ता गेलेला असतो. त्याला हद्द सांभाळता येणे ही चांगलीच गोष्ट. पण कॉरिडॉरची कसोटी वेगळी आहे. आईपासून फुटलेला दीड-दोन वर्षांचा वाघ इथून निघून कान्ह्याच्या किंवा नागझिऱ्याच्या जंगलात पोहोचला, तिथे त्याने हद्द मिळवली आणि त्याची पिल्ले झाली, तरच जनुके वाहिली. पुलाखालचा ठसा त्या प्रवासातले एक पाऊल दाखवतो, प्रवास दाखवत नाही.

जनुकांचा पुरावा, आणि त्याची उशिरा बोलायची सवय

हा प्रवास पूर्वी चालू होता याचा भक्कम पुरावा आहे. संदीप शर्मा, त्रिष्णा दत्ता आणि सहकाऱ्यांनी कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथून वाघांच्या विष्ठा गोळा करून त्यातल्या डीएनएवरून माणसांच्या फिंगरप्रिंटसारखी वाघांची ओळख पटवली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जंगलाने जोडलेल्या जोड्यांमध्ये, म्हणजे कान्हा-पेंच आणि सातपुडा-मेळघाट यांच्यात, जनुकप्रवाह टिकून होता. जिथे मधले जंगल तुटले होते तिथे तो घटलेला दिसला. दूरदूरची छोटी गटवजा लोकसंख्या ये-जा करणाऱ्यांमुळे एकमेकींना तगवून धरते, याला मेटापॉप्युलेशन म्हणतात. मध्य भारतातले वाघ हे त्याचे परीक्षेला द्यावे असे जिवंत उदाहरण.

पण हा पुरावा चौपदरी रस्ता होण्याच्या आधीचा आहे. आजच्या रस्त्याचा परिणाम आज जनुकांत दिसणार नाही, कारण त्यासाठी वाघांच्या काही पिढ्या जाव्या लागतात आणि वाघाची एक पिढी पाचेक वर्षांची तरी असतेच. आज नमुने घेऊन 'जनुकीय विविधता उत्तम आहे, रस्त्याने काही बिघडले नाही' असे म्हणणे म्हणजे काल पाणी तोडलेल्या झाडाची पाने आज हिरवी आहेत म्हणून निर्धास्त होणे.

प्रवाह पूर्ण थांबला तर काय होते ते ओडिशात सिमिलिपालला दिसते. तिथले वाघ इतर वाघांपासून इतके एकटे पडले आहेत की पट्टे एकमेकांत मिसळून अंग काळपट दिसणारे वाघ तिथे मोठ्या संख्येने आढळतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यामागचा एका जनुकातला बदल सापडला. लहान आणि बंद लोकसंख्येत नुसत्या योगायोगाने असा दुर्मीळ बदल कसा पसरतो, हे त्यातून कळले. त्यावर उपाय म्हणून २०२४ मध्ये आपल्या ताडोबा परिसरातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिथे नेल्या. पैकी झीनत बाहेर पडली, झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली आणि डिसेंबरअखेर बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावे लागले. जी वाघीण एवढी चालू शकते तिला ट्रकमधून न्यावे लागते, याचे कारण मधली तुटलेली वाट.

वाघाच्या चालण्याबद्दल शंका असेल तर टिपेश्वरचा 'वॉकर' आठवावा. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात जाऊन आला, आणि कापूस-तुरीची शेते, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर निघेपर्यंत त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर गेली होती. नकाशावर काढता येईल असा अखंड हिरवा पट्टा त्या वाटेवर नव्हता. म्हणजे नकाशावर पट्टा दिसणे ही रचनेची जोडणी झाली, प्राणी खरोखर जाणे ही कार्याची. पहिली नसतानाही दुसरी असू शकते आणि उलटही. पण ज्ञानगंगेत त्याला वाघीण मिळाली नाही. तो पोहोचला, जनुके पोहोचली नाहीत.

पुलाच्या तोंडापुढची जमीन

आता मूळ हिशेबाकडे येतो. रस्त्याने तीन गोष्टी घेतल्या: थोडी जमीन, बराच गाभा आणि हालचाल. भुयारी मार्गांनी यातली फक्त तिसरी परत दिली, तीही त्या मोजक्या ठिकाणी. कडा आहे तशीच आहे. पत्र्यांनी आवाज आणि उजेड कमी होऊन तिचा काही भाग मागे ढकलता येतो, म्हणून मध्य प्रदेशातल्या टप्प्यातली ती भर मला शोभेची वाटत नाही. रायमुनिया, आग आणि कुत्री मात्र पत्र्याने थांबत नाहीत. त्यांच्यासाठी दरवर्षी फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा काढणे, पावसाळ्यात रायमुनिया मुळाच्या गड्ड्याखालून तोडून उपटणे आणि ढाब्यांचे उष्टे-खरकटे उघड्यावर पडू न देणे, अशी न दिसणारी, न संपणारी कामे लागतात.

आणि मार्ग तरी किती टिकेल, ते पुलाखाली ठरत नाही, त्याच्या दोन्ही तोंडांपुढे ठरते. तिथली जमीन जंगलाची नसेल आणि तिच्यावर उद्या रिसॉर्टचे कुंपण किंवा गोदाम आले, तर ७५० मीटरचा पूल गुरांच्या आणि मोटारसायकलींच्या सावलीपुरता उरतो. कान्ह्याच्या वाटेवर पुढे गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही नॅरोगेजची ब्रॉडगेज झालेली रेल्वेही आडवी आहे. अनेक अडथळे एकामागे एक असले की प्रत्येकातून पार होण्याची शक्यता एकमेकींनी गुणली जाते. एका अडथळ्यातून दहापैकी आठ तरुण वाघ पार होतात असे नुसते धरून चाला. असे तीन अडथळे असतील तर शेवटी पाचच उरतात. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल मात्र आपला एकटा अडथळा मोजतो आणि 'दहापैकी आठ' असे समाधानाने लिहितो.

पंधरा गुणांच्या उत्तरात हे सगळे मावणार नाही. चौकोनाची आकृती आणि तिचे दोन आकडे, पानगळीच्या जंगलात कडेचे काम ऊन-वाऱ्यापेक्षा माणूस जास्त करतो हे एक वाक्य, ८९ नोंदी आणि ११ वाघ व त्यांचा मर्यादित अर्थ, आणि कान्हा-पेंचचा जनुकीय पुरावा रस्त्याच्या आधीचा असल्याची नोंद, एवढे तरी यावे. वेळ उरला तर पुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक किलोमीटरचा पट्टा काढून त्यात जमीन कोणाची आहे ते लिहावे. त्या दिवशी पुलाखालून बाहेर पडल्यावर आम्ही वाघाच्या पावलांमागे पूर्वेकडे तसेच काही अंतर चाललो. भुसभुशीत माती संपली, कडक मुरूम लागला आणि ठसे दिसेनासे झाले. वनरक्षकाने समोर हात केला. तिथून पुढे सागाच्या ओळी होत्या, आणि ओळींपलीकडे नवे, चकचकीत तारेचे कुंपण.